कोरड्या राजम्याची एक वाटी उसळ आणि भात खाल्ला तर प्रोटीन किती मिळतं, कार्ब किती?

प्रश्न: "आमच्या जिममधला एक जण म्हणतो, राजम्याच्या एका वाटीत २४ ग्रॅम प्रोटीन असतं. घरी कोरडा राजमा भिजवून करतो, सोबत भात. खरं किती धरायचं?"

अकरा-बारा धरा. २४ हा आकडा १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांचा आहे, वाटीचा नव्हे. ह्याच आकड्यावरून आमच्या घरात दोन महिने अबोला होता, म्हणून लिहितोय.

आबांना साखर आहे. दादाने कुठंतरी तो २४ वाचला आणि जाहीर केलं की राजमा म्हणजे निव्वळ प्रोटीन, आबांनी पोटभर खावा. रविवारी एक वाटी राजमा आणि त्याखाली आजरा घनसाळचा दोन वाट्या भात. दोन तासांनी बोट टोचलं तर २४६. दादा म्हणाला, यंत्र बिघडलंय.

पुढच्या रविवारी मी काटा घेऊन बसलो. २०० ग्रॅम कोरडा राजमा रात्री भिजवला, सकाळी ४०० च्या आसपास भरला. शिजून निथळल्यावर ४८०. वाढलं ते सगळं पाणीच, प्रोटीन कणभरही वाढत नाही. चार वाट्या केल्या, म्हणजे प्रत्येकीत कोरडे दाणे फक्त ५० ग्रॅम. त्यातून प्रोटीन ११-१२ ग्रॅम आणि कार्ब ३० च्या आसपास. निव्वळ प्रोटीन म्हणणाऱ्याने हा ३० बघावा. त्यातला बराच भाग चोथा असतो आणि बाकीचा स्टार्च हळू पचतो, म्हणून राजमा एकटा साखर फारशी उडवत नाही.

उडवतो भात. एका वाटीत, म्हणजे शिजलेल्या १५० ग्रॅम भातात, कार्ब ४२ च्या घरात आणि प्रोटीन जेमतेम ४. आबांच्या पानात दोन वाट्या होत्या, म्हणजे भाताचेच ८४. आता त्यांना राजमा तेवढाच आणि भात अर्धी वाटी वाढतो, दोन तासांनंतरचा आकडा १७० च्या आत असतो. गोळी तीच आहे.

भात अजिबात सोडा असं मी म्हणत नाही. प्रोटीनच्या घटकांपैकी राजम्यात लायसिन भरपूर आणि मिथिओनिन कमी, भातात नेमकं उलट, म्हणून दोन्हींचं प्रोटीन एकमेकांना पुरं पडतं. त्यासाठी भाताचा डोंगर लागत नाही एवढंच.

दाण्यात जातीप्रमाणे एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतं. वाटीत रस्साच जास्त घेतलात तर प्रोटीन आठवरसुद्धा येईल, म्हणून दाणे मोजा, वाटी नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. आणि भिजवलेलं पाणी टाकून, दाणा बोटात सहज पिचकेपर्यंत कुकरला शिजवा. अर्धकच्च्या राजम्यातलं लेक्टिन उलट्या-जुलाब करवतं. मंद आचेवर नुसता गरम होत ठेवला तर ते जात नाही, खळाखळा उकळायलाच हवं.

दादा अजून यंत्रालाच दोष देतो. काटा मी ओट्यावरच ठेवलाय, त्याने कधीही येऊन मोजावं.