आरसी सर्किटला एकच पल्स दिला, तर आउटपुटचं शिखर किती आणि ते स्थिरावायला वेळ किती?

प्रश्न: १० किलोओमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेऊन लो-पास सर्किट केलं आहे. ५ व्होल्टचा, २ मिलिसेकंदांचा एकच पल्स दिला तर आउटपुट कुठपर्यंत चढेल आणि शून्यावर केव्हा येईल? पल्स संपल्यानंतरच्या भागासाठी मी `5e^(-t/RC)` लिहितो, पण उत्तर जुळत नाही.

तुमच्या सूत्राचा आलेख काढून पाहा, चूक लगेच दिसेल. पल्स संपण्याच्या क्षणी, म्हणजे २ मिलिसेकंदांना, ते सूत्र ०.६८ व्होल्ट देतं. पण त्याच क्षणी चढत्या भागाचं सूत्र ४.३२ व्होल्ट देतं. म्हणजे कपॅसिटरवरचा व्होल्टेज एका क्षणात साडेतीन व्होल्टांनी कोसळला असं तुम्ही लिहिलं आहे. रेझिस्टरमधून मर्यादितच करंट वाहू शकतो, त्यामुळे कपॅसिटरचा व्होल्टेज अशी उडी मारू शकत नाही. दोन भागांच्या सांध्यावर आकडे जुळतात का, हे पाहायची सवय लावून घ्या. या प्रकारच्या गणितातल्या बहुतेक चुका तिथेच सापडतात.

तुमच्या सूत्रात दोन गोष्टी गृहीत धरल्या गेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या नाहीत. एक, उतरण ५ व्होल्टपासून सुरू होते. दोन, उतरणीचा वेळ पल्सच्या सुरुवातीपासून मोजायचा. प्रत्यक्षात उतरण कपॅसिटर जिथे पोहोचला आहे तिथून सुरू होते, आणि तिचं घड्याळ पल्स संपल्यावर नव्याने चालू होतं. पल्सची लांबी `T` धरली तर:

```
0 <= t <= T :  v = V (1 - e^(-t/RC))
t = T       :  Vp = V (1 - e^(-T/RC))
t > T       :  v = Vp e^(-(t-T)/RC)
```

शिखर नेमकं पल्सच्या शेवटीच का येतं? इनपुट आउटपुटपेक्षा वर आहे तोवर करंट कपॅसिटरच्या दिशेने वाहतो आणि आउटपुट चढतच राहतं. ते कितीही हळू चढत असलं तरी चढतच असतं. इनपुट शून्यावर आलं की करंटची दिशा उलटते आणि त्याच क्षणापासून आउटपुट उतरू लागतं. म्हणून इथे डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून शिखर शोधायला जाऊ नका. ते गोलाई घेतलेलं टोक नाही, धारदार कोपरा आहे.

आता आकडे घालू. टाइम कॉन्स्टंट १० किलोओम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंद. पल्स दोन टाइम कॉन्स्टंट लांब आहे. e चा वजा दुसरा घात ०.१३५३, म्हणून शिखर ५ च्या ८६.४७ टक्के, म्हणजे ४.३२ व्होल्ट. पल्स संपायच्या आधी रेझिस्टरवर उरलेला व्होल्टेज ०.६८, म्हणून कपॅसिटरकडे जाणारा करंट ६८ मायक्रोअँपिअर. पल्स संपताच रेझिस्टरवर पूर्ण ४.३२ व्होल्ट उलट दिशेने येतात आणि ४३२ मायक्रोअँपिअर बाहेर वाहू लागतात. उतरणीची सुरुवात चढणीच्या शेवटापेक्षा इतकी तीव्र दिसते, ती यामुळे. दोन्ही करंटची बेरीज बरोबर ५०० मायक्रोअँपिअर, म्हणजे `V/R` येते. उत्तर पडताळायला ही सोपी खूण आहे.

शून्यावर पोहोचण्याबद्दल म्हणाल, तर घातांकी वक्र कधीच शून्याला टेकत नाही. म्हणून आधी ठरवावं लागतं की किती व्होल्ट उरले म्हणजे सर्किट स्थिरावलं असं मानायचं. आपण इनपुटच्या १ टक्का, म्हणजे ०.०५ व्होल्ट धरू. पल्स संपल्यापासून लागणारा वेळ असा:

```
ts = RC ln(Vp / Vth)
```

४.३२ भागिले ०.०५ म्हणजे साधारण ८६.५, त्याचा नॅचरल लॉग ४.४६. म्हणून पल्स संपल्यानंतर ४.४६ मिलिसेकंद, किंवा पल्सच्या सुरुवातीपासून मोजलं तर ६.४६ मिलिसेकंद. उत्तर लिहिताना वेळ कुठून मोजला ते जरूर लिहा. या दोन आकड्यांची अदलाबदल फार वेळा होते.

प्रश्न: आम्हाला वर्गात ‘पाच टाइम कॉन्स्टंटनंतर सर्किट स्थिर’ असं शिकवलं आहे. तुमच्या पद्धतीने वेगळाच आकडा येतो. परीक्षेत आणि कामात कोणता धरायचा?

पाचचा नियम सांगतो तो एवढंच, की सुरुवातीच्या व्होल्टेजचा ०.६७ टक्का भाग उरला आहे. त्यावर थांबायचं की नाही, हे पुढे आउटपुट कोण वाचणार आहे त्यावर ठरतं. परीक्षेत काहीच मर्यादा दिली नसेल तर पाच टाइम कॉन्स्टंट लिहा आणि तसं लिहिल्याचं नमूद करा. मर्यादा दिली असेल तर लॉगचंच सूत्र वापरा.

कामाच्या ठिकाणी मात्र या नियमावर आंधळा विश्वास नको. समजा, वरच्याच सर्किटचं आउटपुट ० ते ५ व्होल्ट मोजणाऱ्या १२ बिटच्या एडीसीकडे जातं. त्याचा एक काउंट १.२२ मिलिव्होल्टचा. ४.३२ व्होल्टपासून पाच टाइम कॉन्स्टंट थांबलो तरी २९ मिलिव्होल्ट उरतात, म्हणजे शून्य दिसायला हवं तिथे जवळजवळ २४ काउंट दिसतात. अर्ध्या काउंटच्या आत यायचं असेल तर लॉग ८.८७ येतो, म्हणजे जवळपास नऊ टाइम कॉन्स्टंट थांबावं लागतं. इथे पाचचा नियम वापरणारा माणूस एडीसीत ऑफसेट आहे असं समजून भलतीकडेच शोधत बसेल.

याच्या उलटही होतं. पल्स ०.२ मिलिसेकंदांचाच असेल तर आउटपुट जेमतेम ०.९१ व्होल्टपर्यंत चढतं. त्याला ०.०५ व्होल्टच्या खाली यायला २.९ मिलिसेकंद पुरतात, पाचांची गरजच नाही. मात्र ‘शिखराच्या १ टक्का’ अशी मर्यादा घेतली तर शिखर लहान असो की मोठं, वेळ ४.६ टाइम कॉन्स्टंटच येतो, कारण लॉगच्या आत तेव्हा १०० हाच आकडा असतो. म्हणून ‘१ टक्का’ एवढंच म्हणून भागत नाही. इनपुटच्या की शिखराच्या, हे आधी विचारून घ्या. लांब पल्सला दोन्हींत फारसा फरक पडत नाही, पण छोट्या पल्सला वेळ दीडपटीहून जास्त बदलतो.

प्रश्न: माझ्याकडे पल्स जनरेटर नाही, म्हणून त्याच सर्किटला पुश बटणाने ५ व्होल्ट दिले. बटण दाबलं की आउटपुट अपेक्षेप्रमाणे झटकन चढतं, पण सोडल्यावर उतरायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. कपॅसिटर खराब आहे का?

कपॅसिटर ठीक आहे. तुम्ही दिलेला पल्स पुस्तकातला पल्स नाही. पुस्तकातल्या पल्सचं ‘शून्य’ म्हणजे शून्य व्होल्ट: स्रोत तेव्हाही जोडलेला असतो आणि कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरमार्गे त्याच्यातून ग्राउंडला वाहून जातो. बटण सोडल्यावर मात्र रेझिस्टरचं इनपुटकडचं टोक कुठेच जोडलेलं राहत नाही. पाण्याच्या टाकीचा एकमेव पाइप दुसऱ्या टोकाला बुच लावून बंद केल्यासारखं आहे ते. टाकीत पाणी आहे, पण जायला वाट नाही.

मग ते अर्ध्या सेकंदात तरी कसं उतरलं? तुमच्या ऑसिलोस्कोपमधून. प्रोब एक्स१ वर असेल तर स्कोपचं इनपुट साधारण १ मेगाओम असतं. १ मेगाओम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे ०.१ सेकंद. बटण हाताने दाबलं की ते टाइम कॉन्स्टंटच्या कितीतरी पट वेळ दाबलेलं राहतं, म्हणून शिखर जवळपास ५ व्होल्ट. तिथून ०.०५ व्होल्टवर यायला ४.६ टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ०.४६ सेकंद. तुमचा अर्धा सेकंद हाच.

खात्री करायची असेल तर प्रोब एक्स१० वर टाकून पाहा. आता भार १० मेगाओम होईल आणि उतरण दहापट लांबून साधारण साडेचार सेकंदांची होईल. प्रोब बदलल्याने उतरणीचा वेळ बदलला, तर डिस्चार्जची वाट प्रोबमधूनच जाते हे पक्कं झालं. सर्किट बरोबर जोडलेलं असतं तर या बदलाने काहीच जाणवलं नसतं. बटणाऐवजी डायोडमधून पल्स देणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण डायोड उलट करंट जाऊ देत नाही.

उपाय सोपा आहे. बटण आणि १० किलोओमचा रेझिस्टर जिथे जोडले जातात त्या बिंदूपासून ग्राउंडला १ किलोओमचा रेझिस्टर लावा. बटण दाबलेलं असताना त्यातून ५ मिलिअँपिअर जातील, एवढाच खर्च. चार्ज होतानाचा टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंदच राहील, कारण तेव्हा तो बिंदू थेट पुरवठ्याला जोडलेला असतो. डिस्चार्ज होताना मात्र दोन्ही रेझिस्टर एकामागे एक येतात: ११ किलोओम, म्हणून १.१ मिलिसेकंद. उतरायला साधारण ५.१ मिलिसेकंद लागतील. चढण्याचा आणि उतरण्याचा टाइम कॉन्स्टंट वेगळा असू शकतो, हे इथे स्पष्ट दिसतं. दोन्ही वेळा करंट कुठल्या वाटेने जातो, ते बोटाने आकृतीवर गिरवून मगच `RC` मध्ये आकडे भरा.

प्रश्न: पहिल्या प्रश्नातल्यासारखाच पल्स दर ४ मिलिसेकंदांनी येत राहिला, तर प्रत्येक वेळी शिखर तेवढंच येईल का?

नाही. स्थिरावायला सुरुवातीपासून ६.४६ मिलिसेकंद लागतात आणि तुमचा दुसरा पल्स ४ मिलिसेकंदांनाच येतो. तेव्हा कपॅसिटरवर ०.५८५ व्होल्ट शिल्लक असतात. त्यातला e चा वजा दुसरा घात एवढा भाग, म्हणजे ०.०७९ व्होल्ट, दुसऱ्या पल्सच्या शेवटापर्यंत टिकतो आणि शिखरात मिळतो: ४.४०२ व्होल्ट. तिसऱ्या पल्सपासून शिखर ४.४०४ वर आणि तळ ०.५९६ वर जवळपास ठरून जातो. दोन्हींची सरासरी २.५ व्होल्ट, म्हणजे अर्धा वेळ ५ व्होल्ट असणाऱ्या इनपुटच्या सरासरीएवढीच येते.

पल्समधलं अंतर साडेसहा मिलिसेकंद केलंत तर मागची शिल्लक ०.०५ व्होल्टच्या खाली असेल आणि पुढच्या शिखरात तिची भर ७ मिलिव्होल्टपेक्षाही कमी पडेल.