मीटरपट्टी टोकाशी टांगली की ML²/12 दिसतो

प्रश्न: रॉडचा सेंटर ऑफ मास टोकापासून L/2 वर असतो. मग सगळं वस्तुमान तिथेच आहे असं धरलं तर टोकाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया ML²/4 यायला हवा. पुस्तकात ML²/3 दिलाय. पॅरलल ॲक्सिस थिअरममध्ये वर आणखी ML²/12 कशासाठी मिळवतात?

उत्तर:

सगळं वस्तुमान सेंटर ऑफ मासमध्ये आहे असं धरायची सवय आपल्याला टॉर्कमुळे लागते. रॉडच्या वजनाचा टोकाभोवतीचा टॉर्क काढताना ते अगदी बरोबर चालतं, कारण तिथे अंतराचा पहिलाच घात असतो. टोकाजवळचा कण जितका कमी पडतो तितकीच भर लांबचा कण घालतो आणि हिशेब फिटतो. मोमेंट ऑफ इनर्शियात मात्र अंतराचा वर्ग येतो, आणि वर्गात हा हिशेब फिटत नाही.

आकडे घालून बघा. एक मीटरची पट्टी शून्याच्या टोकाभोवती फिरतेय. तिच्या 20 आणि 80 सेंमीच्या खुणांवर बसलेला एकेक ग्रॅम घ्या. दोघांचा मध्य 50 वर. त्यांचा टोकाभोवतीचा वाटा 20² + 80², म्हणजे 400 + 6400 = 6800. हेच दोन ग्रॅम उचलून 50 वर ठेवले असते तर 2 × 2500 = 5000 आले असते. 1800 कमी पडले. आणि 1800 म्हणजे 2 × 30². हे 30 म्हणजे त्या दोघांचं मध्यापासूनचं अंतर. आता 40 आणि 60 ची जोडी घ्या: 1600 + 3600 = 5200, म्हणजे 5000 च्या वर 200, आणि 200 = 2 × 10². कुठलीही जोडी घ्या, मध्यावर गोळा केल्यावर जे कमी पडतं ते त्या जोडीच्या मध्याभोवतीच्या मोमेंट ऑफ इनर्शियाइतकंच निघतं. अख्खी पट्टी अशा जोड्यांचीच बनलेली आहे. सगळ्या जोड्यांचं मिळून जे कमी पडतं, तोच तुमचा ML²/12.

हेच अक्षरांत लिहू. मध्यापासून x अंतरावरचा कण टोकापासून x + L/2 वर असतो. त्याचा वर्ग x² + Lx + L²/4. प्रत्येक पदाला त्या कणाच्या वस्तुमानाने गुणून सगळ्या कणांची बेरीज केली की पहिल्या पदातून मध्याभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया येतो. एकसारख्या रॉडसाठी x² ची सरासरी L²/12 असते, म्हणून तो ML²/12. तिसऱ्या पदातून ML²/4 येतो. मधल्या पदात x एकटा आहे. मध्याच्या एका बाजूला तो धन, दुसऱ्या बाजूला ऋण, त्यामुळे बेरीज शून्य होते. उरतं ते

I = ML²/12 + ML²/4 = ML²/3

तुम्ही धरलेला ML²/4 चुकीचा नाही, अपुरा आहे. टोकाभोवती रॉड एक फेरी मारतो तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात: त्याचा मध्य L/2 त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आणि त्याच वेळात रॉड स्वतःच्या मध्याभोवतीही एकदा वळतो. ML²/4 मध्ये फक्त पहिली गोष्ट मोजली जाते. रॉड न वळता, दिशा तशीच ठेवून नुसता वर्तुळावर सरकत राहिला असता, तर तेवढ्यावर भागलं असतं.

मी ठाण्यात, नौपाड्यात बारावीचं फिजिक्स शिकवते. हा ML²/12 मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून वर्गात एक लाकडी मीटरपट्टी ठेवली आहे. तिच्या 1 सेंमीच्या खुणेवर बारीक भोक आहे. त्यातून खिळा घालायचा, पट्टी उभी लोंबकळू द्यायची, खालचं टोक थोडंसं बाजूला नेऊन सोडायचं आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर 20 आंदोलनांचा वेळ घ्यायचा. लंबकाचं सूत्र T = 2π√(I/Mgd). खिळा मध्यापासून 49 सेंमीवर आहे, म्हणून d = 0.49 मीटर. वस्तुमान वर-खाली दोन्हीकडे असल्यामुळे उडून जातं, पट्टीचं वजन करावंच लागत नाही. g साठी 9.8 घेतलं की दोन उत्तरं मिळतात. फक्त Md² धरलं तर 20 आंदोलनांना 28.1 सेकंद. ML²/12 मिळवला तर 32.6 सेकंद. साडेचार सेकंदांचा फरक आहे, बटण दाबताना हात थोडा मागेपुढे झाला तरी तो झाकला जात नाही. घड्याळ 32.6 च्या आसपास थांबतं.

वेळ 33 सेकंदांच्या पुढे गेला तर आधी झोका बघा. 30 अंशांपर्यंत खेचून सोडलं तर आंदोलनकाल पावणेदोन टक्क्यांनी वाढतो आणि 20 आंदोलनांत अर्ध्या सेकंदाहून जास्त भर पडते. दहा अंशांच्या आत राहा. पट्टी चार-पाच झोक्यांतच मंदावली तर भोक खिळ्याला घासतंय. आमच्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. भोक जरासं मोठं करून घ्या.

आता ते शून्य झालेलं मधलं पद पुन्हा बघा, कारण परीक्षेत मार्क जातात ते तिथेच. ते शून्य होतं, कारण x सेंटर ऑफ मासपासून मोजला. दुसऱ्या कुठल्याही बिंदूपासून मोजलात तर ते शून्य होणार नाही. म्हणून थिअरम लावताना दोनपैकी एक अक्ष सेंटर ऑफ मासमधून जाणारा हवाच. तो बिंदू रॉडच्या मध्यावरच असेल असं मात्र धरू नका. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या गेटवर वर-खाली होणारा आडवा दांडा असतो, त्याच्या आखूड बाजूला वजन बसवलेलं असतं. तिथे L/2 ही चालत नाही आणि ML²/12 ही नाही. दांडा तोलून सेंटर ऑफ मास शोधावा लागतो.

परीक्षेत नेहमी येणारं गणित असं: टोकापासून L/4 वरच्या, रॉडला लंब असलेल्या अक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया काढा. टोकाचा ML²/3 पाठ असतो, म्हणून बरीच मुलं त्यातच M(L/4)² मिळवतात आणि 19ML²/48 लिहून मोकळी होतात. हे उत्तर ML²/3 पेक्षा मोठं आहे, एवढ्यावरूनच शंका यायला हवी. सेंटर ऑफ मासमधून जाणाऱ्या अक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया सगळ्यात कमी असतो. टोकाकडून L/4 वर आलो म्हणजे मध्याच्या जवळ आलो, तर उत्तर घटायला हवं. रस्ता मध्यावरून जातो: आधी ML²/3 मधून ML²/4 वजा करून ML²/12 वर या, मग नवा अक्ष मध्यापासून L/4 वर आहे म्हणून ML²/16 मिळवा. येतं 7ML²/48.

पटत नसेल तर त्याच पट्टीला 25 च्या खुणेवर दुसरं भोक पाडा. 7ML²/48 खरा असेल तर 20 आंदोलनांना 30.7 सेकंद लागतील, 19ML²/48 खरा असेल तर साडेपन्नास.