टोमण्याचं उत्तर दिघा गावला सुचतं तेव्हा

"मॅडम, कोणी चारचौघांत टोमणा मारला की माझी दातखीळ बसते. नुसता हसतो. आणि मग चार-पाच तासांनी असं उत्तर सुचतं ना, की समोरच्याचं तोंड बंदच व्हावं. आता मी उत्तरं आधीच पाठ करून ठेवतो तरी वेळेवर एक आठवत नाही. हजरजबाबी व्हायचं कसं?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की विचारणारा माणूस बदलतो पण "चार-पाच तासांनी" तेवढं बदलत नाही. कोणाला भांडी घासताना सुचतं, कोणाला अंघोळीत, रात्री अंथरुणावर तर बहुतेकांना. गेल्या वर्षी एक गृहस्थ सात-आठ सेशन्स आले होते, त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख लपवून सांगते.

वय अडतीस, महापेला एका कंपनीत अकाउंट्सला, राहायला ठाण्यात. दुपारच्या डब्याला सात-आठ जण एकत्र बसायचे आणि त्यात सेल्सचा एक मुलगा होता, बोलायला एकदम तेज. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आमच्या साहेबांकडे फाईल दिली म्हणजे ठाणे-बेलापूर रोडला गाडी घातली, पोचेल तेव्हा पोचेल." सगळे हसले. हेही हसले. संध्याकाळी कोपरखैरणेला ट्रेन पकडली, घणसोली गेलं, रबाळे गेलं, ऐरोली गेलं, आणि दिघा गाव आलं तेव्हा सुचलं: "रस्ता चांगलाच आहे रे, खड्डे तुझ्या बिलांत आहेत."

उत्तर खरंच चांगलं आहे. मी त्यांना तसं सांगितलंही, कारण अशी माणसं स्वतःला मठ्ठ समजत असतात आणि ती मठ्ठ अजिबात नसतात.

मग तिथल्या तिथे का सुचत नाही? गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जो वेळ जातो तो २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांत मोजला गेला, आणि तो सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. सेकंदाचा पाचवा भाग. आणि साधं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून काढायलाच माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे आपण सगळेच समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर जुळवत असतो, त्याचं वाक्य कुठे जाणार याचा अंदाज घेऊन. टोमण्याचा अंदाजच नसतो. डबा उघडला, लोणचं पुढे केलं आणि अचानक वार आला, त्यात सगळे तुमच्याकडे बघतायत, मग पाचव्या भागात काय जुळणार. अठराव्या शतकात दिदरो नावाच्या फ्रेंच विचारवंताचं असंच झालं होतं, जेवणाच्या टेबलावर कोणीतरी बोललं आणि ते गप्प झाले, आणि मग त्यांनी लिहून ठेवलं की माझ्यासारख्या हळव्या माणसाचं डोकं जिना उतरून खाली गेल्यावरच ठिकाणावर येतं. फ्रेंच लोक याला जिन्यातली हुशारी म्हणतात. आमच्या गृहस्थांचा जिना कोपरखैरणे ते ठाणे होता, एवढाच फरक.

त्यांनी यावर उपाय म्हणून मोबाईलमध्ये एक यादी केली होती. चौतीस उत्तरं. रोज ट्रेनमध्ये मनातल्या मनात घोकायचे. तिसऱ्या सेशनला आले तेव्हा चेहरा पडलेला. म्हणाले, "मॅडम, काल बोललो एकदाचा."

"मग?"

"तो मुलगा डब्याला बसल्या बसल्या म्हणाला, सर माझं ते बिल अजून आलं नाही हो. मी लगेच म्हटलं, खड्डे तुझ्या बिलांत आहेत. कोणी हसलंच नाही. ते बिल त्याच्या वडिलांच्या हॉस्पिटलचं होतं."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पाठ केलेल्या उत्तराचा धोका नेमका हाच असतो. नाटकात तुमचं वाक्य चालतं कारण समोरच्याचंही वाक्य ठरलेलं असतं. डब्याच्या टेबलावर ते ठरलेलं नसतं, पण आपण घोकून घोकून इतके तयार असतो की माणूस काय बोलतोय हे ऐकतच नाही, फक्त "बिल" हा शब्द आला की बंदुकीचा घोडा ओढतो. एरवी आठवत नाही आणि आठवलं तर भलत्या जागी, दोन्हीचं कारण एकच.

पुढच्या वेळी मी त्यांना यादी उघडायला लावली. म्हटलं मी तो सेल्सचा मुलगा, तुम्ही तुम्ही, यातलं तुमचं सगळ्यात आवडतं काढा. मी ठाणे-बेलापूर रोडचा टोमणा मारला. त्यांनी खड्ड्यांचं उत्तर दिलं, खणखणीत दिलं. मी म्हटलं, "बघा, बघा, साहेब आज चिडले!"

ते थांबले. मोबाईलकडे बघितलं. पस्तिसावं काही नव्हतं.

"आता काय बोलू?"

"यादीत नाहीये?"

"नाही. मी जेव्हा मनात हे बोलतो ना, तेव्हा तो गप्प बसतो."

ते वाक्य बोलून झाल्यावर खोलीत बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, खाली रिक्षावाल्यांचा गलका ऐकू येत होता फक्त. मीही घाई केली नाही. इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे, माणूस स्वतःच्याच वाक्याकडे बघत असेल तर समुपदेशकाने मधे तोंड घालू नये. मग मी एकच विचारलं: "आणि तो खरंच गप्प बसला, तर तुम्हाला काय मिळायला हवंय?"

बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझ्यामुळे उशीर होत नाही हे लोकांना कळावं. त्याची सात हॉटेल बिलं कंपनीच्या जीएसटी नंबरशिवाय आली होती. तो नंबर नसला तर कंपनीला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून मी ती परत पाठवली. आणि त्याने हे जेवताना काढू नये."

मी म्हटलं हेच परत सांगा, मी लिहून घेते. कारण चौतीस उत्तरांत ही गोष्ट एकदाही सरळ आली नव्हती. खड्ड्यांच्या कोटीत ती लपलेली होती मात्र. मला त्या दिवशी जे नीट दिसलं ते हे की उशिरा सुचलेलं उत्तर वाया गेलेलं नसतं, आपल्याला नेमकं काय लागलंय ते त्याच्या पोटात असतं, फक्त वर चमचमीत फोडणी असते. ती बाजूला केली की साधं वाक्य हाताला लागतं. आणि साध्या वाक्याला वेळेचं बंधन नाही. कोटी दोन सेकंदांनी शिळी होते, "तुझी बिलं नंबर नसल्यामुळे परत गेली" हे दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पण तितकंच खरं असतं.

त्यांना हे पटेना. "म्हणजे वरातीमागून घोडंच ना मॅडम?" मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली, आणि त्यात आम्ही माणसाच्या बोलण्यातला "च" पकडतो. इथला "च" होता: मला तिथल्या तिथे उत्तर देता आलंच पाहिजे, नाहीतर मी बावळट. येत असेल तर छानच, पण आलंच पाहिजे हा नियम कोणी केला? त्यांच्या घरात एक काका होते, एका वाक्यात समोरच्याला गार करणारे, आणि लहानपणापासून घरात हुशार म्हणजे तो काका. त्यावर आमची दोन सेशन्स गेली, ती इथे सांगत नाही.

बाकी दोन गोष्टी आम्ही केल्या. पहिली, आधी काही पाठ करायचंच असेल तर उत्तर नाही, वेळ मागणारं वाक्य पाठ करायचं. त्यांनी निवडलं, "काय म्हणालास?" दोन शब्द, कुठल्याही टोमण्याला चालतात, समोरून कुठलं वाक्य येणार हे ठरलेलं लागत नाही, आणि पाळी परत समोरच्यावर जाते. त्याला टोमणा पुन्हा म्हणावा लागतो आणि दुसऱ्यांदा म्हटलेला टोमणा अर्धा होतो. पण ते रागाने नाही, नीट ऐकू आलं नसल्यासारखं म्हणायचं. शिवाय हे मनात घोकून होत नाही, तोंडाने म्हणायला लागतं, ज्या अवस्थेत लागणार आहे त्याच अवस्थेत. त्यांना टोमणा बसला की आधी पोटात गोळा यायचा आणि लगेच हसू फुटायचं. म्हणून ठरवलं, पोटात गोळा आला की चमचा खाली ठेवायचा, मग बोलायचं. घरी बायकोला टोमणे मारायला बसवलं (तिने म्हणे फार मनापासून मारले) आणि पंधरा दिवस रोज जेवताना पाच वेळा हे केलं. चमचा हातात असेपर्यंत ते हसायचेच, खाली ठेवला की हसू थांबायचं.

दुसरी गोष्ट, त्या मुलाशी त्याच्या डेस्कपाशी जाऊन बोलणं. आधी वडिलांची चौकशी आणि त्या दिवसाबद्दल सॉरी, मग हे: "तुझी सात बिलं जीएसटी नंबर नसल्यामुळे परत गेली, उशीर त्याचा होता. हॉटेलमध्ये चेक-इनलाच नंबर देत जा. आणि काही अडलं तर माझ्या टेबलावर ये, जेवताना नको." मुलगा म्हणाला, "सर मला वाटलं तुम्ही मुद्दाम अडवता." चार मिनिटांत संपलं.

हे सगळीकडे असंच संपतं असं मी म्हणणार नाही. टोमणे मारणारा तुमचा बॉस असेल आणि ते रोज एकट्या तुमच्यावरच असतील, किंवा बाईवर, जातीवर, शरीरावर असतील तर "काय म्हणालास" पुरत नाही, तिथे तारीख-वार लिहून ठेवून कंपनीत लेखी तक्रार करावी लागते. आणि तोच प्रसंग महिना महिना रात्री फिरत राहिला, झोप जायला लागली, डबा एकट्याने खावासा वाटायला लागला, तर प्रश्न हजरजबाबीपणाचा राहिलेला नसतो, लोकांची भीती बसलेली असते आणि तिच्यावर वेगळं काम लागतं. आमच्या गृहस्थांनी डबा सोडला नव्हता, म्हणून एवढ्यात भागलं.

शेवटच्या सेशनला सांगत होते, त्या मुलाने परवा परत काहीतरी सोडलं, त्यांच्या नवीन चष्म्यावरून. पोटात गोळा आला. चमचा खाली ठेवला, "काय म्हणालास?" विचारलं. तो म्हणाला, "काही नाही सर, चष्मा छान आहे." जेवण पुढे सुरू.

मी विचारलं, "मग ट्रेनमध्ये काही सुचलं का?"

"सुचलं ना मॅडम, भारी होतं एकदम. पण ठाण्याला उतरून मेथी घ्यायची होती, आता आठवत नाहीये."