करोत्तर नफ्यावरून विक्री किंमत कशी ठरवावी?

प्रश्न: वर्षाला 20,000 मसाला पाकिटे विकायची आहेत. बदलता खर्च पाकिटामागे 60 रुपये, स्थिर खर्च 4,50,000 रुपये, कर 25 टक्के. कर भरून 3,00,000 रुपये उरायला किंमत किती ठेवू?

उत्तर: पाकिटाची किंमत जीएसटी वगळता 102.50 रुपये ठेवावी लागेल.

कर नफ्यावर लागतो, म्हणून आधी करपूर्व नफा काढावा. हातात उरणारे 3,00,000 रुपये हे करपूर्व नफ्याच्या 75 टक्के असल्याने त्यांना 0.75 ने भागावे, म्हणजे 4,00,000 येतात. येथेच बहुतेकांची चूक होते: ते 3,00,000 मध्ये त्याचेच 25 टक्के मिळवून 3,75,000 धरतात आणि कर भरल्यावर हाती केवळ 2,81,250 उरतात.

आता स्थिर खर्च व करपूर्व नफा मिळून 8,50,000 रुपये 20,000 पाकिटांतून भरून निघायला हवेत, म्हणजे प्रत्येक पाकिटाचे अंशदान, अर्थात किंमत वजा बदलता खर्च, 42.50 रुपये असावे. त्यात 60 रुपये मिळवले की वरील किंमत येते.

विक्रेत्याला किमतीवर 5 टक्के कमिशन द्यायचे असेल, तर 102.50 ला 0.95 ने भागून सुमारे 107.90 रुपये धरावेत, कारण किंमत वाढली की कमिशनही वाढते.

मात्र हे सारे गणित 20,000 पाकिटे खरोखर खपतील, या गृहीतकावर उभे आहे. 102.50 रुपये दराने (कमिशन नसताना) 19,000 च खपली, तर करोत्तर नफा 2,68,125 रुपयांवर येतो.