दोन आर्कचा जोड नेमका कुठे घ्यायचा?

प्रश्न: राऊटरसाठी कोड काढतोय. दोन पॉइंट आहेत, दोन्हीकडची दिशा पक्की आहे, मधे दोन आर्क टाकून G2/G3 काढायचेत. जोड कुठे घ्यायचा ते कळत नाहीये, जो तो वेगळं सांगतो. आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये कधीतरी मधेच भलामोठा गोल येतो, तो का?

उत्तर:

जो तो वेगळं सांगतो कारण इथे एकच बरोबर उत्तर नाहीच, एक गोष्ट तुझ्या मर्जीवर सोडलेली असते. कागदावर काढून बघ. p1 पासून t1 च्या दिशेने d1 इतकं पुढे जा, तो q1. p2 पासून t2 च्या उलट d2 इतकं मागे ये, तो q2. आता शाळेतलं आठव, बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात, म्हणजे जोड q1-q2 रेषेवर q1 पासून d1 वर आणि q2 पासून d2 वर यायला हवा, म्हणजेच q1-q2 अंतर बरोब्बर d1+d2 भरलं पाहिजे. समीकरण एक, अज्ञात दोन. d1 तू ठरव, d2 आपोआप येतो (v म्हणजे p2-p1, t1 आणि t2 ची लांबी 1):

```
d2 = (v·v/2 - d1*(v·t1)) / (v·t2 + d1*(1 - t1·t2))
```

d1 बदलत गेलास की जोड p1 आणि p2 मधून जाणाऱ्या एका ठरलेल्या वर्तुळावर सरकतो. दोन्ही दिशा समांतर असतील तर ते वर्तुळ सरळ होऊन p1-p2 रेषाच बनते, म्हणून समजायला तीच केस सोपी.

p1 (०, ०), p2 (४०, २०), दोन्ही दिशा उजवीकडे. v·v झाला २०००, v·t1 ४०, आणि सूत्रातून निघतं d2 = २५ - d1. निम्मं निम्मं घेतलं, १२.५ आणि १२.५, तर जोड (२०, १०) वर आणि दोन्ही त्रिज्या २५:

```
G3 X20 Y10 I0 J25
G2 X40 Y20 I20 J-15
```

आता d1 = ५ घे. जोड (८, ४) वर सरकतो आणि त्रिज्या होतात १० आणि ४०. d1 = २ घेतलास तर पहिली त्रिज्या ४ च, आणि १२ चा कटर त्या आर्कच्या आतल्या बाजूने चालवायचा असेल तर ६ चा ऑफसेट त्यात मावतच नाही, कंट्रोलर एरर तरी देईल नाहीतर जॉब खाईल. दुसरी गोष्ट झटक्याची. जोडावर दिशा जुळते पण वक्रता जुळत नाही, फीड ३००० म्हणजे सेकंदाला ५० मिमी, तर २५-२५ मध्ये बाजूचं त्वरण १०० वरून उलट्या बाजूच्या १०० वर उडी मारतं, एकूण २०० मिमी प्रति सेकंद वर्ग. १०-४० मध्ये तीच उडी ३१२ च्या वर जाते. या केसमध्ये दोन त्रिज्यांची बेरीज ५० च राहते, त्यामुळे समसमान वाटणीच सगळ्यात मऊ.

म्हणून मी डिफॉल्ट d1 = d2 च ठेवतो. ते काढायला वर्गसमीकरण येतं आणि तुझा भलामोठा गोल बहुतेक तिथेच आहे. नेहमीच्या सूत्रात खाली 1 - t1·t2 येतो, दिशा जवळजवळ सारख्या असल्या की तो शून्याला टेकतो, वरती दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी, मग उरतो तो निव्वळ कचरा. उलटं करून असं लिही:

```
t = t1 + t2
d = v·v / (v·t + sqrt((v·t)^2 + 2*(1 - t1·t2)*(v·v)))
```

वरच्या केसमध्ये २००० / (८० + ८०), १२.५, बरोबर. p2 जर t1, t2 च्या मागच्या बाजूला असेल, म्हणजे v·t ऋण असेल, तर हेही बिघडू शकतं, पण मग मुळात ते दोन पॉइंट एका जोडीत घेणंच चुकलंय.

दुसरी शक्यता आर्क सरळ होण्याची. p1 (०, ०) उजवीकडे, p2 (३०, १०) वर. d येतो १०, q1 (१०, ०), q2 (३०, ०), जोड (२०, ०). बघ, पहिला आर्क चक्क सरळ रेषा निघाली, मग १० त्रिज्येचा पाव गोल. कागदावर छान दिसतं, पण कोडमध्ये त्रिज्या काढताना शून्याने भागाकार होतो, किंवा दशांशाच्या बाराव्या घरातल्या चुकीने केंद्र वरच्याऐवजी खाली जातं आणि आपण G2/G3 दुसरीकडून ठरवत असू तर मशीन अख्खा उरलेला गोल मारायला निघतं 😅. माझा एक ॲक्रिलिकचा शीट असाच गेलाय. त्यामुळे जोडापर्यंतच्या रेषेपासून आर्कचा फुगा ०.००५ मिमीपेक्षा कमी असेल तर सरळ G1 टाक, आणि G2 की G3 हे केंद्र ज्या चिन्हावरून काढलं त्याच चिन्हावरून ठरव.

समसमान घेऊनही त्रिज्या कटरपेक्षा लहान आली तर जोड इकडेतिकडे ढकलत बसू नकोस, एक बाजू सुधारते तर दुसरी बिघडते. मूळ स्प्लाइनवर मधला एक पॉइंट त्याच्या दिशेसकट घे आणि दोन जोड्या कर. त्यातही कुठे लहान त्रिज्या राहिली, तर ती मूळ ड्रॉइंगमध्येच आहे, तिथे कटर बदल.