भार सरळ खाली, पण पर्लिन वाकते तिरकी

प्रश्न: लाकडी पर्लिन, १०० × १५० मिमी, गाळा ३ मीटर, छपराचा उतार ३०°, उभा भार १.६ किलोन्यूटन प्रति मीटर. मी M/Z करून ४.८ काढला. सर म्हणाले, चूक आहे, चारही कोपरे तपास. भार तर सरळ खालीच आहे, मग दोन दिशा कुठून आल्या?

भार सरळ आहे, पर्लिन सरळ नाही. ती छपराला काटकोनात बसवलेली असते, म्हणजे तिची १५० मिमीची बाजू उभी नसून ३०° कललेली आहे. M/Z हे सूत्र भार छेदाच्या एखाद्या मुख्य अक्षाच्या दिशेनेच असेल तेव्हा चालतं. इथे तो दोन्ही अक्षांना तिरका आहे, म्हणून आधी त्याचे दोन घटक करायचे.

छपराला लंब घटक w cosθ, म्हणजे १.३८६, आणि उताराच्या दिशेने वळचणीकडे ओढणारा w sinθ, म्हणजे ०.८ किलोन्यूटन प्रति मीटर. दोन्हींसाठी पर्लिन साधी टेकलेली धरली तर M = wL²/8 ने मोमेंट येतात १.५५९ आणि ०.९ किलोन्यूटन-मीटर.

आता Z. लंब घटकासाठी 100×150²/6, म्हणजे ३,७५,००० घन मिमी. उताराच्या घटकासाठी खोली १०० मिमी आणि रुंदी १५० मिमी धरायची, म्हणजे २,५०,०००. इथे बरेच जण दोन्हींना एकच Z लावून मोकळे होतात. स्ट्रेस अनुक्रमे ४.१६ आणि ३.६० न्यूटन प्रति चौरस मिमी.

बेरीज-वजाबाकी कुठे करायची हाच खरा प्रश्न. सूत्रातल्या चिन्हांच्या मागे लागू नका, पर्लिन कशी वाकते ते बघा. लंब घटकाने ती छपराच्या आत दबते: वरच्या बाजूला दाब, खालच्या बाजूला ताण. उताराच्या घटकाने ती वळचणीकडे फुगते: वळचणीकडच्या बाजूला ताण, आढ्याकडच्या बाजूला दाब. म्हणून वरचा-आढ्याकडचा कोपरा दोन्हीकडून दबतो, ७.७६ दाब. खालचा-वळचणीकडचा दोन्हीकडून ताणला जातो, ७.७६ ताण. उरलेल्या दोन कोपऱ्यांत ०.५६च उरतो, वरच्या-वळचणीकडच्यात दाब आणि खालच्या-आढ्याकडच्यात ताण. तुमचा ४.८ यापैकी कुठेच नाही, आणि खरा आकडा त्याच्या दीडपटीहून जास्त आहे.

उत्तर तपासायला न्यूट्रल अ‍ॅक्सिस काढा: tanβ = (Ix/Iy) tanθ. Ix/Iy इथे २.२५, म्हणून tanβ = १.३० आणि β सुमारे ५२.४°. हा कोन छपराच्या उताराच्या रेषेपासून मोजायचा. वळचणीकडच्या कडेवर, म्हणजे मध्यापासून ५० मिमीवर, ही रेषा सुमारे ६५ मिमी वर असते, वरच्या कोपऱ्याच्या १० मिमी खाली. म्हणून त्या कोपऱ्यात जेमतेम ०.५६ दाब. आकडे जुळले म्हणजे चिन्हं बरोबर आहेत. न्यूट्रल अ‍ॅक्सिस आडवी नाही हेही लक्षात येईल. डिफ्लेक्शन तिला लंब असतं, म्हणून पर्लिन सरळ खाली न झुकता उभ्या रेषेपासून सुमारे २२° वळचणीकडे सरकून झुकते.

उताराच्या दिशेचा त्रास कमी करायला गाळ्याच्या मध्यावर सॅग रॉड लावतात. तो फक्त त्या दिशेला आधार देतो. गाळा अर्धा झाला, म्हणून रॉडपाशी मोमेंट एक चतुर्थांश, ०.२२५, आणि स्ट्रेस ०.९. पण आता तिथे मधला आधार आला, त्यामुळे त्या मोमेंटचं चिन्ह उलटं होतं. कमाल स्ट्रेस ५.०६ येतो, पण वरच्या-वळचणीकडच्या कोपऱ्यात दाब आणि खालच्या-आढ्याकडच्यात ताण म्हणून. जुन्याच कोपऱ्यांत नुसती बेरीज करून ठेवली तर आकडा बरोबर येईल, जागा चुकेल.

वाऱ्याचा भार मात्र फोडायचा नाही. तो छपराला लंबच असतो, म्हणून फक्त लंब घटकात मिळवायचा. वारा छप्पर वर ओढत असेल तर तो वजा होतो आणि चारही कोपरे नव्याने बघावे लागतात.

लोखंडी चॅनेल असेल तर हिशोब हाच, पण दोन Z चं गुणोत्तर इथे दीड आहे ते १०० मिमीच्या चॅनेलला साधारण पाच होतं. ३०° उतारावर सॅग रॉडशिवाय उताराचा स्ट्रेस लंब घटकाच्या जवळपास तिप्पट निघतो. शिवाय चॅनेलचं शिअर सेंटर वेबच्या बाहेर पडतं, म्हणून भार त्यातून जात नसेल तर पीळही बसतो आणि तो वरच्या आकड्यांत नाही. झेड पर्लिनला तर ही रीत थेट लावूच नका: तिचे मुख्य अक्ष वेबला समांतर नसतात, आधी Ixy घेऊन ते शोधायचे आणि मग भार त्यांच्या दिशेने फोडायचा.