अर्धवटराव, कळसूत्री आणि आपला सुतार

प्रश्न : सोसायटीच्या कार्यक्रमासाठी ‘आमच्या लहानपणीच्या बाहुल्या आणि गाणी’ असा फलक करतोय. अर्धवटराव ही कळसूत्री बाहुलीच ना? आजोबा म्हणतात, १९७१ साली पुण्यात टीव्हीवर पाहिले. शिवाय ‘एक चिडिया’ दूरदर्शनने काढलं असं लिहितोय. चालेल?

नाही. अर्धवटराव ही बोलकी बाहुली. हल्ली जी बाहुली हलेल ती कळसूत्री! गेल्या महिन्यात एका शाळेच्या संमेलनात निवेदिकेने हातमोज्याच्या सशालाही ‘कळसूत्री ससा’ म्हणून टाकलं आणि मी दुसऱ्या रांगेत बसून दात खाल्ले.

कळसूत्री बाहुलीला वरून दोऱ्या बांधलेल्या असतात आणि चालवणारा आडोशाला असतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार नाचवतात त्या बाहुल्या कळसूत्री. बोलक्या बाहुलीचा माणूस आपल्या समोर, तिला मांडीवर घेऊन बसतो आणि ओठ न हलवता तिच्या नावाने बोलतो. म्हणून त्या कलेला शब्दभ्रम म्हणतात. त्याचा एक हात बाहुलीच्या पाठीतून आत जातो, आत डोक्याची काठी असते, काठीवर कळ. कळ दाबली की बहुतेक जुन्या बाहुल्यांत एक बारीक दोरी ओढली जाते आणि जबडा उघडतो. आता कोणी म्हणेल, कळही आली, सूत्रही आलं, मग घोडं अडलं कुठे? अहो, शब्दाचे तुकडे जुळले म्हणून अर्थ जुळत नाही. रूढीने तो शब्द दोऱ्यांवर नाचणाऱ्या बाहुलीला दिलाय.

आणि सूत्र आलं की सूत्रधार आलाच. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने १९०० साली मांडलं, की संस्कृत नाटकातला सूत्रधार मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा. म्हणजे नाटक बाहुल्यांच्या खेळातून आलं. कल्पना देखणी आहे, म्हणून आपल्याकडचे वक्तेही ती डोळे मिटून सांगतात. मला ती मुळीच पटत नाही. सूत्रधार शब्दाचा दुसरा अर्थ सुतार, गवंडी. बांधकामाच्या मापाची दोरी ज्याच्या हाती, तो सूत्रधार. आपला ‘सुतार’ हा शब्द त्याचाच : सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार, मग सुतार. बंगाल्यांकडे तर सुतारांचं आडनावच सूत्रधर असतं. जुने सुतार आजही काव लावलेली दोरी फळीवर ताणतात, मधे उचलून सोडतात आणि ‘टप्’ आवाजासरशी सरळ लाल रेघ उमटते. रंगभूमी आखून उभी करणाऱ्याला हे नाव शोभतं की नाही? बाहुल्यांचा उल्लेख त्यासाठी ओढून आणायची गरज काय? पिशेलसाहेबांनी नारायण पेठेतल्या एखाद्या सुताराच्या दुकानात अर्धा तास काढला असता, तर एवढा खटाटोप वाचला असता.

असो, तुमचा फलक. आजोबांचं वर्ष चुकलंय, माणूस नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागलं १९७३ मध्ये. म्हणजे १९७१ साली पुण्यात टीव्हीवर काहीच दिसणं शक्य नाही. पण अर्धवटराव टीव्हीपेक्षा कितीतरी जुने. यशवंत पाध्यांनी ते रंगमंचावर आणले आणि पुढे मुलगा रामदास पाध्ये यांनी चालवले. तेव्हा आजोबांना वर्ष विचारू नका. तिकीट काढलं होतं का, पुढच्या रांगेत कोण बसलं होतं, हे विचारा. उत्तर आलं तर ते नाट्यगृह. शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसल्याचं आठवलं तर टीव्ही, आणि मग वर्ष १९७३ च्या पुढचं. पडद्यावर कोटाचा रंग आठवतोय म्हणाले, तर १९८२ च्याही पुढचं, कारण त्याआधी आपल्याकडचं प्रक्षेपण कृष्णधवल होतं. नेमका दिवस हवा असेल तर ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढून त्या दिवसाचे कार्यक्रम बघा. मात्र तिथे दाखवायचं ठरलेलं छापलेलं असतं, दाखवलेलं नव्हे.

‘एक चिडिया’चंही तेच. दूरदर्शनने ते दाखवलं, काढलं फिल्म्स डिव्हिजनने, १९७४ मध्ये. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं हलती केली भीमसेन यांनी (गायक भीमसेन नव्हेत, ही गल्लत मी दोनदा ऐकलीय), संगीत वसंत देसाईंचं. आणि चित्रपटाचं नाव ‘एक चिडिया’ नाहीच. ते आहे ‘एक अनेक और एकता’. फलकावर हेच लिहा, आणि खाली कंसात गाण्याची ओळ, म्हणजे आजोबांना ओळखू येईल.